नवा फोन घ्यायच्या आधी जुन्या फोनमधले फोटो पेनड्राइव्हवर कसे काढायचे, गावाकडच्या नेटचा हिशोब धरून

नवा फोन घेतला की दुकानवाला म्हणते, "सगळं गूगलवर असते, लॉगिन करा, आपोआप येते." शहरात वायफाय असणाऱ्याले हे चालून जाते. आपल्या इकडे, म्हणजे यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या गावांमध्ये रोजच्या दीड जीबीवर सगळं घर चालते, तिथं हे गणित बसतच नाही. समजा फोनमध्ये चोवीस जीबीचा माल आहे आणि रोज दीड जीबी नेट भेटते, तर दुसरं काहीही न पाहता फक्त अपलोडच करत बसलं तरी सोळा दिवस लागतील, तेही रेंज बराबर राहिली तर. म्हणून हा लेख पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा आहे, क्लाउड फक्त मोजक्या गोष्टींसाठी वापरायचं. अँड्रॉइड फोनवरून अँड्रॉइड फोनवर जाणाऱ्यांसाठीच लिहितो आहे, कारण गावात बहुतेक सगळ्यांकडे तेच आहेत.

सोबत एक खरं उदाहरण घेतो. आमच्या शेजारच्या काकाजींचा ६४ जीबीचा फोन पूर्ण भरला होता, कॅमेरा उघडला की जागा नाही म्हणून सांगे. कापूस विकल्यावर त्यांनी नवा फोन घ्यायचं ठरवलं आणि जुना एक्सचेंजमध्ये द्यायचा होता. त्यांचं म्हणणं एवढंच, "मले नातीचे फोटू अन् शेताचे कागद पाह्यजे, बाकी उडव." ऐकायला सोपं आहे, पण नातीचे फोटो आणि शेताचे कागद फोनमध्ये कुठं कुठं पसरले असतात हे शोधणं हेच खरं काम आहे.

काय काय लागेल

- ६४ जीबीचा ओटीजी पेनड्राइव्ह, म्हणजे फोनला सरळ लावता येणारा, एका बाजूने टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूने साधा यूएसबी असलेला. फोन जुना असेल आणि चार्जिंगची पिन बारकी वाली असेल तर साधा पेनड्राइव्ह आणि सोबत बारक्या पिनचा ओटीजी कनेक्टर
- जुना फोन, ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज केलेला
- गूगल अकाउंटचा मेल आयडी आणि पासवर्ड, कागदावर लिहून
- व्हॉट्सॲपवाला सिम चालू पाहिजे, ओटीपी येण्यासाठी
- अर्धा दिवस मोकळा वेळ, घाईत हे काम करू नका

पेनड्राइव्ह घेताना एक ध्यानात ठेवा. आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत १ टीबी, २ टीबीचा पेनड्राइव्ह भेटते, तो घेऊ नका. त्याच्यात खरी जागा थोडीशीच असते, फक्त फोनला आकडा मोठा दाखवते. कॉपी होताना काहीच तक्रार करत नाही, सगळ्या फाइलींची नावं पण दिसतात, पण खरी जागा संपल्यावर टाकलेल्या फाइली उघडतच नाहीत. ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन नेहमीच्या कंपनीचा घ्या.

१. आधी गूगल अकाउंट कोणाचं आहे ते पाहा

ही पायरी फोटोची वाटत नाही पण सगळ्यात पहिले हीच करायची, कारण गावात अर्ध्या लोकांचं जीमेल अकाउंट मोबाइल दुकानवाल्याने बनवून दिलेलं असते. पासवर्ड त्याने टाकलेला, रिकव्हरीला नंबर कधी कधी त्याचाच, आणि तुम्हाला मेल आयडीसुद्धा माहीत नसते. जुना फोन चालू आहे तोपर्यंत काही बिघडत नाही, पण एकदा तो फोन रीसेट झाला की त्या अकाउंटचं दार बंद झालं समजा, आणि त्याच्यात कॉन्टॅक्ट असतील, व्हॉट्सॲपचा बॅकअप असेल, सगळं आतच राहते.

सेटिंगमध्ये गूगल उघडा, वर जो मेल आयडी दिसते तो कागदावर लिहून घ्या. मग अकाउंटच्या Security मध्ये जाऊन रिकव्हरी फोनला स्वतःचा नंबर टाका आणि पासवर्ड बदलून घ्या. जुना पासवर्ड माहीत नसला तर पासवर्ड विसरलो असा पर्याय निवडा, फोनमध्ये लॉगिन असल्यामुळे बहुतेक वेळा फोनचं स्क्रीन लॉक विचारून किंवा नंबरवर कोड पाठवून काम होऊन जाते. नवा फोन हातात आल्यावर आणि जुना गेल्यावर हेच काम करायला गेलं तर लय जड जाते.

काकाजींचं अकाउंट असंच दुकानात बनलेलं निघालं, मेलमध्ये नाव पण दुसऱ्याच कोणाचं होतं. पासवर्ड बदलल्यावर तेच अकाउंट पुढं चालवलं, नवीन बनवायच्या भानगडीत पडलो नाही.

मग कॉन्टॅक्ट ॲपमध्ये जाऊन नंबर कुठं सेव्ह आहेत तेही पाहून घ्या. फोनमध्ये किंवा सिममध्ये असलेले नंबर गूगल अकाउंटमध्ये घेऊन टाका, याला नेट नावापुरतं लागते.

२. जागा कोण खाऊन राहिलं ते पाहा

सेटिंग, मग Storage. इथं फोटो, व्हिडिओ, ॲप, सिस्टिम असा हिशोब दिसते. मग व्हॉट्सॲप उघडून Settings, Storage and data, Manage storage इथं जा, तिथं व्हॉट्सॲपनं किती जागा घेतली ते वर मोठ्या अक्षरात येते.

काकाजींच्या फोनचा हिशोब साधारण असा होता: सिस्टिम सोळा जीबी, ॲप नऊ, कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ अकरा, आणि व्हॉट्सॲप एकटं चोवीस जीबी. हे बहुतेक सगळ्यांचं असंच निघते. लोक कॅमेऱ्याचे फोटो उडवत बसतात, म्हणजे स्वतः काढलेले, आणि ज्याच्यात खरा कचरा आहे त्या व्हॉट्सॲपला हात लावत नाहीत. उलटं करायला पाहिजे.

३. व्हॉट्सॲपमधला कचरा आधी काढा, पण चाळून

कॉपी करायच्या आधी साफसफाई करायची, नाही तर चोवीस जीबी सकाळच्या शुभेच्छा पेनड्राइव्हवर भरून ठेवाल.

Manage storage मध्येच वर दोन डबे असतात. एक Forwarded many times, म्हणजे गावभर फिरलेलं, आणि दुसरा Larger than 5 MB, म्हणजे मोठ्या फाइली. पहिल्या डब्यात कामाचं बहुतेक काही नसते, वरून खाली एक नजर टाका, सगळं सिलेक्ट करा आणि डिलीट करा. काकाजींच्या फोनमध्ये किर्तनाचे, राजकारणाचे, अपघाताचे व्हिडिओ होते, तेच तेच चार-पाच ग्रुपवर आलेले. इथंच सात-आठ जीबी मोकळे झाले.

दुसऱ्या डब्यात मात्र सबुरीनं जा. पाच एमबीपेक्षा मोठं म्हणजे नुसता कचरा नसते. लग्नातला व्हिडिओ, नात पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ, मोजणीच्या नकाशाची मोठी पीडीएफ, हे सगळं याच डब्यात सापडते. एक एक उघडून पाहा आणि जे नको तेवढंच निवडा.

त्याच्या खाली ग्रुप आणि माणसांची यादी येते, सगळ्यात जास्त जागा खाणारं वर. आता वरचे चार-पाच ग्रुप पाहिले तरी पुरे. गावाचा ग्रुप, समाजाचा ग्रुप, कीटकनाशक कंपनीवाल्याचा ग्रुप, यात फोटो आपले नसतात. घरच्यांचा ग्रुप आणि मुलीचं, सुनेचं चॅट अजिबात हात न लावता सोडून द्या, तिथं जे आहे ते सगळं पेनड्राइव्हवर जाऊ द्या, चाळायचं असेल तर पुढं कधी निवांत.

इथं एक फसायची जागा आहे. फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सॲपचा सगळा फोल्डरच एका झटक्यात उडवणारे लोक आहेत, वर म्हणतात चॅटमध्ये परत डाउनलोड होते ना. होत नाही. थोड्या दिवसांपूर्वीचा असेल तर कधी होऊन जाते, पण जुन्या फोटोवर बोट दाबलं की पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा असा मेसेज येते, आणि पाठवणाऱ्याच्या फोनमधून तो केव्हाच गेलेला असते.

काकाजींचं व्हॉट्सॲप या चाळणीनंतर चोवीसवरून दहा जीबीवर आलं.

४. पेनड्राइव्ह लावा आणि आधी फोनमध्येच फॉरमॅट करा

नवा पेनड्राइव्ह जोडल्यावर वरून नोटिफिकेशन यायला पाहिजे. आलं नाही तर पेनड्राइव्ह खराब आहे असं समजून दुकानात पळू नका, काही कंपन्यांच्या फोनात ओटीजी आपल्याला चालू करावं लागते. सेटिंगच्या वर जी शोधायची जागा असते तिथं OTG टाइप करा, बटन दिसते, ते चालू करा. काही फोनमध्ये थोडा वेळ वापरलं नाही तर ते आपोआप बंदही होते, मग परत चालू करायचं.

कधी पेनड्राइव्ह दिसते पण सपोर्ट नाही असं म्हणते. याचं कारण म्हणजे तो संगणकावर एनटीएफएस किंवा एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट झालेला असते आणि बरेच स्वस्त फोन ते वाचत नाहीत. पेनड्राइव्ह कोरा असेल तर फोनच विचारते, फॉरमॅट करू का, तिथून करून घ्या, म्हणजे फोनला समजेल अशीच पद्धत तो वापरते. जुना पेनड्राइव्ह असेल आणि त्यात काही असेल तर फॉरमॅट करू नका, आतलं सगळं जाईल.

फोननं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हची एक मर्यादा असू शकते, बऱ्याच फोनांच्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. फोटोंना याचा काही त्रास नाही. पण कोणी अख्ख्या लग्नाचा एकच लांब व्हिडिओ दिला असेल तर पेनड्राइव्हमध्ये जागा दिसत असूनही तो कधी कधी कॉपी होत नाही, आणि लोक म्हणतात पेनड्राइव्ह खराब निघाला. तेवढी एक फाइल संगणकावर घ्या.

५. कोणते फोल्डर कॉपी करायचे

गॅलरीतून फोटो निवडून निवडून कॉपी करू नका. गॅलरी सगळं दाखवत नाही, आणि हजारो फोटो सिलेक्ट करता करता बोट सटकलं की पहिल्यापासून सुरू. फाइल मॅनेजर उघडा, नाहीतर गूगलचं फाइल्स ॲप घ्या, त्यात Internal storage मध्ये जा आणि अख्खे फोल्डर उचला. कोणते, ते असे:

- DCIM, यात कॅमेऱ्यानं काढलेले सगळे फोटो आणि व्हिडिओ असतात
- Pictures, यात स्क्रीनशॉट आणि बाकी ॲपचे फोटो
- Download, इथं सातबारा, आठ-अ, विम्याची पावती, निकाल, ओपीडीचे रिपोर्ट असं काहीही पडलेलं असते
- Documents, स्कॅन करायचं ॲप वापरत असाल तर
- व्हॉट्सॲपचा मीडिया

शेवटचा लोकांना सापडतच नाही. पहिले तो बाहेरच WhatsApp नावानं दिसायचा, अँड्रॉइड ११ नंतर तो आत गेला. आता रस्ता असा आहे:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

बिझनेस व्हॉट्सॲप असेल तर com.whatsapp च्या जागी com.whatsapp.w4b आणि त्याच्या आत WhatsApp च्या जागी WhatsApp Business दिसते. जुना फोन असेल तर बाहेरचा WhatsApp फोल्डर पण उघडून पाहा, काही फोनमध्ये जुने फोटो तिथंच राहून गेलेले असतात.

Media च्या आत WhatsApp Images, WhatsApp Video, WhatsApp Documents, WhatsApp Voice Notes असे फोल्डर आहेत. शेतकऱ्यासाठी यातला WhatsApp Documents सगळ्यात मोलाचा, कारण सेतूवाला, तलाठ्याकडचा मुलगा, बँकेतला ओळखीचा माणूस, सगळे कागद व्हॉट्सॲपवरच पाठवतात आणि ते गॅलरीत कधीच दिसत नाहीत. काकाजींचा फेरफार आणि पीक कर्जाचं खातं इथंच निघालं. "अरे हे तं मी हारपलं समजत होतो," असं म्हणून त्यांनी मुलाला लगेच फोन लावला.

Images आणि Video च्या आत Sent नावाचा एक एक फोल्डर असते. त्यात तुम्ही दुसऱ्यांना पाठवलेले फोटो राहतात आणि तो मुद्दाम लपवलेला असते म्हणून गॅलरी त्याला दाखवत नाही. पूर्ण Media फोल्डर कॉपी केला तर तो पण सोबत येते.

फोल्डरवर बोट दाबून धरा, तीन टिंबांवर जा, Copy to निवडा, मग पेनड्राइव्ह. बाजूलाच Move to असते, त्याला हात लावू नका. मूव्ह म्हणजे इकडून उचलून तिकडं ठेवणं, आणि अर्ध्यात बॅटरी संपून फोन बंद पडला किंवा पेनड्राइव्हला धक्का लागला तर फाइल ना इकडची राहते ना तिकडची. कॉपीत असं झालं तरी मूळ फाइल फोनमध्येच असते.

सगळे फोल्डर एकदम लावू नका, एक झाला की दुसरा. साध्या पेनड्राइव्हला एका जीबीला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि व्हॉट्सॲपच्या छोट्या छोट्या हजारो फाइलींना त्याहून जास्त, म्हणून वीस जीबीला तास दीड तास धरून चाला. त्या वेळात चार्जिंगची जागा पेनड्राइव्हनं धरलेली असते, म्हणूनच ऐंशी टक्के चार्ज लागते. स्क्रीन बंद झाल्यावर काही फोन कॉपी थांबवतात, तर स्क्रीन बंद व्हायची वेळ सेटिंगमध्ये वाढवून ठेवा आणि फोन सावलीत ठेवा, आपल्याकडच्या उन्हात तापला की तो स्वतःच हळू होते.

झालं की पेनड्राइव्ह ओढून काढू नका. नोटिफिकेशनमध्ये Eject येते ते दाबा, मगच काढा. नाही तर शेवटच्या काही फाइली नावालाच राहतात, उघडल्या की शून्य केबी.

६. मेमरी कार्ड असेल तर

जुन्या फोनमध्ये मेमरी कार्ड असेल आणि ते साधं लावलेलं असेल तर त्यातलं जसंच्या तसं राहते, काढून ठेवा. पण कधी फोननं विचारलं असेल आणि तुम्ही कार्ड इंटरनल म्हणून जोडलं असेल तर ते त्या फोनशीच बांधलेलं असते, दुसऱ्या फोनात लावलं तर वाचता येत नाही आणि फॉरमॅट करा म्हणते. सेटिंगच्या Storage मध्ये कार्ड वेगळं दिसते की नाही ते पाहा. शंका वाटली तर कार्डातलं पण पेनड्राइव्हवर कॉपी करा. शिवाय आजकालच्या बऱ्याच नव्या फोनात कार्डाची जागाच नसते.

७. लपवलेले फोटो

गॅलरीत लॉक लावून ठेवलेले फोटो, प्रायव्हेट सेफ, गूगल फोटोजचं Locked Folder, यातलं काहीच वरच्या कॉपीत येत नाही. त्यांचा वेगळा बॅकअप चालू नसेल तर फोन रीसेट झाला की ते जातात. आधारचे, पासबुकचे फोटो लोक सुरक्षित म्हणून इथंच टाकतात. घरात कोणी असं काही ठेवलं आहे का हे ज्याचा फोन आहे त्यालाच विचारा, आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं बाहेर काढून मग कॉपी करावं.

८. आता तपासा, हीच पायरी लोक सोडतात

कॉपी संपली असं फोननं सांगणं आणि कॉपी बराबर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेनड्राइव्ह परत लावा. फोनमधल्या फोल्डरचं Details किंवा Properties उघडा, किती फाइली आणि किती जीबी ते लिहून घ्या, मग पेनड्राइव्हवरच्या त्याच फोल्डरचं पाहा. आकडे जुळले पाहिजेत. जीबीत दशांशाचा फरक चालते, फाइलींच्या संख्येत मोठा फरक असेल तर तो फोल्डर परत कॉपी करा.

नंतर उघडून पाहा. सगळ्यात जुना फोटो, सगळ्यात नवा फोटो, सगळ्यात मोठा व्हिडिओ आणि दोन-तीन पीडीएफ. व्हिडिओ मधूनच पुढं सरकवून शेवटापर्यंत चालते का ते पाहा, कारण अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला चांगला चालते. आणि हे सगळं दुसऱ्याच्या फोनात पेनड्राइव्ह लावून केलं तर सगळ्यात चांगलं, म्हणजे पेनड्राइव्ह दुसरीकडं वाचता येते हेही कळते.

काकाजींच्या WhatsApp Video मध्ये जवळपास चाळीस फाइली कमी भरल्या. मधात फोन आला होता आणि कॉपी थांबली होती, कोणाच्या ध्यानात आलं नाही. तेवढाच फोल्डर परत टाकला. आकडे पाहिले नसते तर ते चाळीस व्हिडिओ एक्सचेंजवाल्या दुकानात गेले असते.

तारखेबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत तारीख आतच लिहिलेली असते, लोकेशन चालू असेल तर जागाही, त्यामुळं नव्या फोनात ते आपापल्या जागी बसतात. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना ती माहिती काढून टाकते, म्हणून ते फोटो नव्या फोनात सगळे कॉपी केल्याच्या दिवशीचे दिसू शकतात. घाबरू नका आणि फाइलीचं नाव बदलू नका, IMG-20230714-WA0012 अशा नावात तारीख असते, म्हणजे हा १४ जुलै २०२३ ला व्हॉट्सॲपवर आलेला. याच कारणानं अतिवृष्टीत बुडालेल्या सोयाबीनचे, बोंडअळीचे वगैरे जे फोटो पुराव्याला लागू शकतात ते DCIM मधले मूळच ठेवा. "व्हॉट्सॲपवर भावाला पाठवून ठेवले आहेत" हा त्या फोटोंचा बॅकअप होत नाही, कारण त्यातली जागा आणि वेळ निघून गेलेली असते. पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसं केलं की फाइल जशी आहे तशी जाते.

९. गूगल फोटोजमध्ये काय टाकायचं

पेनड्राइव्ह हरवू शकते, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं दुसऱ्या जागी पण पाहिजे. गूगल अकाउंटला १५ जीबी फुकट असतात आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळंच मोजते. व्हॉट्सॲपचा बॅकअप पण आता त्याच १५ जीबीतून जाते, म्हणून त्या बॅकअपमधून व्हिडिओ बंद ठेवा. १ जून २०२१ च्या आधी हलक्या क्वालिटीचे फोटो मोजत नव्हते, अजूनही कोणी तसं सांगत असेल तर ते जुनं झालं.

गूगल फोटोज आपल्या मनानं फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर चढवते. व्हॉट्सॲपचे फोटो चढवायला बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फोल्डर वेगळा चालू करावा लागते. नेट कमी असेल तर हा नाद सोडा, घरच्यांचे निवडक दोन-अडीचशे फोटो आणि शेताचे कागद एवढंच चढवा. फोटो दोन-तीन एमबीचा धरला तर अडीचशे फोटो म्हणजे अर्धा पाऊण जीबी, एका रात्रीच्या उरलेल्या नेटमध्ये होऊन जाते.

आता मोठा सापळा. गूगल फोटोजमध्ये फोटो चढला म्हणून लोक त्याच ॲपमध्ये जाऊन फोटो डिलीट करतात, त्यांना वाटते फक्त फोनमधून जाईल. तो दोन्हीकडून जाते. कचऱ्याच्या डब्यात साठ दिवस राहते, तोपर्यंत परत काढता येते, मग कायमचा गेला. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधलं Free up space वापरा, ते चढलेले फोटोच फोनमधून काढते आणि गूगलवरचे तसेच ठेवते.

१०. व्हॉट्सॲपचे चॅट नव्या फोनात

पेनड्राइव्हवर फोटो आले, पण बोलणं आलं नाही. त्यासाठी नेट खर्च न करता होणारा रस्ता आहे. दोन्ही फोन जवळ ठेवा, दोन्हीत वायफाय आणि लोकेशन चालू करा, वायफायचं कनेक्शन नसलं तरी चालते, फक्त बटन चालू पाहिजे. जुन्या फोनात Settings, Chats, Transfer chats, Start. नव्या फोनात व्हॉट्सॲप टाकून त्याच नंबरनं ओटीपी द्या, मग जुन्या फोनातून घ्यायचा पर्याय येते, क्यूआर कोड दिसते, तो जुन्या फोननं स्कॅन करायचा. फोटोंसकट सगळं फोनातून फोनात जाते.

इथं चूक होते ती घाईची. नव्या फोनात पुढं पुढं दाबत Skip केलं की व्हॉट्सॲप कोरं उघडते. तसं झालं तर लगेच ॲप काढून परत टाका आणि पुन्हा विचारेल तेव्हा बराबर निवडा, पण तोपर्यंत जुन्या फोनातलं व्हॉट्सॲप काढू नका. बॅकअपला कधी पासवर्ड लावला असेल आणि तो आठवत नसेल तर गूगलवाला बॅकअप उघडणार नाही, अशा वेळी हाच क्यूआरचा रस्ता कामाचा.

जुन्या फोनात कचरा आधी काढलेला असल्यामुळं हे काम पण लवकर होते. नव्या फोनात चॅट आले की पहिले Storage and data मध्ये जाऊन Media auto-download बंद करा, मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीचं. नाही तर वर्षभरात नवा फोनही तसाच भरेल.

११. जुना फोन कधी रीसेट करायचा

एक्सचेंजचा नसेल, घरातच पोराला शाळेसाठी द्यायचा असेल, तर आठ-पंधरा दिवस तसाच ठेवा. एवढ्या दिवसांत काय राहिलं ते आपोआप आठवते, एखादा रेकॉर्ड केलेला आवाज, एखाद्या ॲपमधला हिशोब. एक्सचेंजचा असेल तर दुकानात जायच्या आदल्या दिवशी वरची सगळी कामं झालेली पाहिजेत. दुकानात काउंटरवर उभं राहून बॅकअप घेऊ नका आणि दुकानवाल्याला "तुम्हीच करून द्या" म्हणू नका, त्या फोनात तुमचं आधार, पासबुक, घरच्या बायामाणसांचे फोटो आहेत.

रीसेटच्या आधी सिम आणि कार्ड काढा. सेटिंगच्या Accounts मधून गूगल अकाउंट Remove account करून काढा, स्क्रीन लॉक पण काढा. अकाउंट तसंच ठेवून बटनं दाबून रीसेट केला तर फोन चालू होताना जुनाच मेल आणि पासवर्ड मागते, एक्सचेंजवाला घेत नाही आणि पोराला दिला तर तो वापरू शकत नाही. मग सेटिंगमध्येच Factory reset किंवा Erase all data शोधा आणि करा. परत चालू झाला की भाषा निवडायचा पहिला स्क्रीन येते, तिथंच बंद करून द्या, आत लॉगिन करू नका.

पेनड्राइव्हवरचं नव्या फोनात सगळं परत टाकायची गरज नाही. नातीचे फोटो आणि Documents तेवढे घ्या, बाकी पेनड्राइव्हवर राहू द्या, डब्बीत घालून कपाटात ठेवा आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी एकदा फोनला लावून चार फाइली उघडून पाहा. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यातलं खराब होऊ शकते, म्हणून घरात कोणाकडं संगणक असेल तर त्याची एक कॉपी तिकडं पण टाकून ठेवा.